मदत हवी आहे: भरतीच्या धड्यात नेमकं कुठे अडतंय?
नमस्कार मुलांनो, मी तुमची नववीची वर्गशिक्षिका, भूगोलही मीच घेणार. वर्गात सगळे गप्प बसता म्हणून इथे विचारते. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते हे बंदरावरच्यांना माहितीच आहे, म्हणजे आज दुपारी १२ ला तर उद्या १२:५० च्या आसपास, कारण पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारेपर्यंत चंद्र पुढे सरकलेला असतो. इथपर्यंत कळलं ना? मग चंद्र एकच, तर भरती दिवसातून दोनदा का? चंद्राची ओढ जवळच्या बाजूला जास्त, लांबच्या बाजूला कमी, म्हणून पाणी दोन्हीकडे फुगतं, पण ही लांबची बाजू बऱ्याच जणांना पटत नाही. तुम्हाला पटते? नक्की कुठे अडतं ते सांगा, ग्रुपवर लाज वाटली तर मला पर्सनलवर व्हॉइस नोट टाका, मालवणीत बोललात तरी चालेल.