शब्दचर्चा: 'चक्रवाढ वार्षिक वृद्धिदर' की 'सरासरी वार्षिक वाढ'?

लेखणी: एका अहवालाचं भाषांतर करते आहे. 2018 अखेरचं मूल्य 50,000, 2023 अखेरचं 80,000 आणि पुढे 'सीएजीआर 9.86 टक्के'. 'सरासरी वार्षिक वाढ' लिहिलं तर चालेल ना? पण एकूण वाढ 60 टक्के, भागिले 5 म्हणजे 12 येतात. आकडा चुकलाय का?

कोनाडा: 'सरासरी' नको, 'चक्रवाढ'च हवं, कारण यात वाढीवरही वाढ धरलेली असते. आणि 2018 ते 2023 बोटांवर मोजा, सहा वर्षं होतात. सहावं मूळ काढलं की 8.15 येतं. अहवालात चूक आहे.

त्रिज्या: शब्दाबद्दल कोनाडा यांचं बरोबर, वर्षांबद्दल नाही. दोन्ही मूल्यं वर्षअखेरची आहेत. आकडे सहा वर्षांचे असले तरी मधली अंतरं पाचच. 80,000 ला 50,000 ने भागलं की 1.6. त्याचं पाचवं मूळ 1.09856, त्यातून 1 वजा केला की 9.86 टक्के. अहवाल बरोबर आहे.

```
=(80000/50000)^(1/5)-1
=50000*(1+9.86%)^5
```

दुसरी ओळ पडताळ्याची. उत्तर 80,014 येईल. वरचे 14 दर दोन दशांशांवर आणल्यामुळे आले, ती चूक नाही. 12 टक्के घालून पाहा, 88,117 येतात. म्हणून 'सरासरी' शब्द इथे दिशाभूल करतो: वाचक भागाकारच करणार.

कोनाडा: पण मी 8.15 घेऊन पडताळा केला, 80,000 च्या अगदी जवळ आलं!

त्रिज्या: कारण घातांकही तुम्ही 6 घेतलात. जी वर्षसंख्या घेऊन दर काढला तीच पडताळ्यात घातली, तर शेवटचं मूल्य जुळणारच, संख्या चुकीची असली तरी. तारखांवरून अंतर वेगळं मोजा आणि मग पडताळा करा. घातांक 5 ठेवलात तर 8.15 ने जेमतेम 74,000 होतात.

सांजवेळ: मी दर महिन्याला ठरावीक रक्कम भरतो. भरलेली एकूण रक्कम सुरुवातीचं मूल्य धरली, दर फारच कमी दिसला.

त्रिज्या: तिथे हे सूत्र लागूच होत नाही. शेवटचा हप्ता महिनाभरच वाढलेला असतो, सूत्र मात्र तो पहिल्या दिवसापासून भरला असं धरतं. प्रत्येक हप्त्याची रक्कम आणि तारीख देऊन तक्त्यातल्या एक्सआयआरआर या फंक्शनने वार्षिक दर काढा.

लेखणी: माझ्या तक्त्यात आता उणे 68 टक्के आलेत.

त्रिज्या: `1/5` भोवतीचा कंस राहिला. तक्ता आधी पहिला घात घेतो, मग 5 ने भागतो: 0.32, उणे 1.

लेखणी: हो, तेच होतं! मग 'चक्रवाढ वार्षिक वृद्धिदर' लिहिते.

कोनाडा: 'चक्रवाढ' वाचून लोकांना व्याज आठवेल, दरवर्षी खात्रीने 9.86 मिळाले असं वाटेल. प्रत्यक्षात मधल्या एखाद्या वर्षी घटही झाली असेल.

त्रिज्या: ही हरकत रास्त आहे. सूत्राला फक्त दोन टोकं दिसतात. पण त्यासाठी 'समतुल्य वार्षिक दर' म्हटलं, तर वाढीवरची वाढ शब्दातून निसटते.