‘आपण मला ऐकू शकता का?’ असं फोनवर बोलायचं का?

डेस्कवाली: आमच्या दवाखान्यात अपॉइंटमेंटच्या फोनसाठी ठरलेली वाक्यं आली आहेत, इंग्रजीवरून मराठी केलेली. "आपण मला ऐकू शकता का?", "मी आपल्याला परत कॉल करेन", "मी कोणाशी बोलत आहे?" वरून सांगितलंय की हीच म्हणायची. माझ्या मते असं मराठीत कुणी बोलत नाही. तुम्हाला काय वाटतं, आणि याऐवजी काय म्हणावं?

सरळमार्ग: मला यात काही चूक दिसत नाही. दवाखान्याचा फोन आहे, घरचा नाही, जरा अदबीनं बोललं तर बिघडलं कुठे? "ऐकू येतंय का" हे घरात एकमेकांना ओरडून विचारल्यासारखं वाटतं. सगळ्या डेस्कवर एकसारखं बोलणं झालं की तक्रारी कमी होतात, त्यामुळे वरून आलेलं आहे ते म्हणा.

हेडफोन: सरळमार्ग, अदब हवीच, पण ती "आपण" आणि "सांगता का" यातून येते, "शकता"मधून येत नाही. मी फोनवर बोलणाऱ्या मुलामुलींना शिकवायचं काम करते आणि हे वाक्य कसं फसतं ते पुष्कळदा ऐकलंय. मराठीत आपण मुद्दाम कान देऊन ऐकतो, पण आवाज कानावर पडतो तेव्हा आपल्याला ऐकू येतं. आता लाईन खराब आहे आणि डेस्कवरून विचारलं "आपण मला ऐकू शकता का?", तर पलीकडचे आजोबा म्हणतात "हो ऐकतोय की, सांगा". त्यांना वाटतं, माझं ऐकून घ्यायला वेळ आहे का असं विचारलंय. मग डेस्कवाली सगळं सांगते, गुरुवार, अकरा वाजता, उपाशीपोटी या, आणि त्यातलं अर्धं तुटलेलं असतं. आजोबा नाश्ता करून येतात आणि रक्ताची तपासणी पुढे ढकलावी लागते.

"माझा आवाज येतोय का?" असं विचारा. ‘माझा’ सोडू नका. कारण कधीकधी एकाच बाजूचा आवाज जातो. नुसतं "आवाज येत नाहीये" म्हटलं की दोघंही आपापल्या फोनला दोष देत "हॅलो हॅलो" करत बसतात. "तुमचा आवाज तुटतोय, माझा येतोय का?" एवढ्यात दोन्ही बाजू कळतात. आणि नुसत्या "हो"वर पुढे जाऊ नका, वार आणि वेळ त्यांच्याकडून वदवून घ्या.

वऱ्हाडकर: आमच्याकडं तर "आवाज येऊन राह्यला का?" म्हणतेत, त्यात काय अदब कमी आहे? आमचे बुढे लोक "आपण मला ऐकू शकता का" ऐकलं की समजतात बँकेचा नाहीतर लोनचा फोन आला, अन् कट करून टाकतात. पुस्तकी मराठी म्हणजे काहीतरी विकणारा, हे डोक्यात बसलंय. दवाखान्याचा फोन असा कट झाला तं नुकसान पेशंटचंच ना.

शब्दप्रेमी: मुळात ‘हॅलो’ हाच शब्द हवा का याचा विचार करा. २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कर्मचाऱ्यांना फोनवर हॅलोऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायचं आवाहन केलं होतं. कॉल, अपॉइंटमेंट, डेस्क या सगळ्यांनाच मराठी शब्द हवेत, वाक्यांचं नंतर बघू.

डेस्कवाली: @शब्दप्रेमी, माझा प्रश्न तो नाही हो. फोन, कॉल सगळ्यांना कळतं. शब्द मराठी असून वाक्य कळत नाही, ही अडचण आहे.

निळीशाई: माझ्या आईला कमी ऐकू येतं आणि ती ते कुणाला सांगत नाही. तिला "ऐकू येतंय का?" विचारलं की ती दुखावते, आणि ऐकू आलं नसलं तरी "हो हो" म्हणून मोकळी होते. "आवाज येतोय का?" विचारलं तर बिनधास्त म्हणते "नाही गं, खरखर आहे, मोठ्यानं बोल". त्यात दोष लाईनवर जातो, तिच्या कानावर नाही. म्हातारी माणसं जास्त येत असतील तर ‘आवाज येतोय’ हेच ठेवा, कळकळीनं सांगते.

सरळमार्ग: बरं, पहिल्या वाक्याचं पटलं. पण "परत कॉल करेन" यात काय वाईट? आणि "कोण बोलतंय?" हे तर मी दवाखान्यात कधीच चालवून घेणार नाही, मोठ्या माणसाला असं विचारतात का?

हेडफोन: "करेन" म्हणजे बघू, जमलं तर करेन. खरंच करणार असलो की आपण "करतो" म्हणतो, "पाच मिनिटांत करते". आणि "फोन परत करते" असं उलटं म्हटलं तर हँडसेट परत देतोय असं होतं, म्हणून "परत फोन करते". पण वेळ न सांगता "करते नंतर" म्हणणं म्हणजे कटवणं, हे प्रत्येक मराठी माणसाला कळतं. म्हणून मी शिकवते ते असं, "डॉक्टरांना विचारून घेते, साडेअकरापर्यंत तुम्हाला आमच्याकडून फोन येईल". "फोन येईल" म्हटलं की करतो-करतेचा प्रश्न उरत नाही, तेच वाक्य डेस्कवरच्या मुलालाही चालतं मुलीलाही चालतं. मात्र वेळ सांगितली तर ती पाळायला हवी, उत्तर मिळालं नसलं तरी साडेअकराला फोन करून तेवढं सांगायचं.

"कोण बोलतंय"बद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पलीकडे बाई आहे की बुवा हे माहीत नसतं म्हणून ‘बोलतंय’, त्यात अपमान नाही. लँडलाईनच्या काळात, शेजाऱ्यांचा पीपी नंबर असायचा तेव्हा, सगळे असंच विचारायचे, "कोण बोलतंय? कोण पाहिजे?"

निळीशाई: तेव्हा नाव दिसत नव्हतं ना. आता मोबाईलवर "कोण?" विचारलं की समोरच्याला वाटतं माझा नंबर सेव्ह पण केलेला नाही. मला मावशीनं यावरून ऐकवलं होतं, फोन बदलल्यामुळे नंबर गेले होते तरी.

सरळमार्ग: तेच म्हणतोय मी. "कोण बोलताय आपण?" तरी म्हणा.

वऱ्हाडकर: "कुठून बोलता?" विचारा. गावाचं नाव सांगता सांगता माणूस आपलं नावबी सांगतो.

हेडफोन: "कुठून" चांगलं आहे, पण दवाखान्यात एका गावाचे दहा पेशंट असतात, त्यामुळे नाव लागतंच. आधी आपलं सांगायचं, "नमस्कार, अपॉइंटमेंट डेस्कवरून बोलतेय", आणि मग "पेशंटचं नाव कळेल का?" फोन करणारा बहुतेक वेळा मुलगा, सून नाहीतर शेजारी असतो, त्यामुळे "आपण कोण" विचारून फाईल सापडत नाही. "मी कोणाशी बोलत आहे" हे तर अजिबात नको, ते ऐकून माणूस स्वतःचं नाव सांगतो आणि फाईल आईच्या नावाची असते.

सरळमार्ग: पेशंटचं नाव विचारणं मान्य. पण घरी किंवा ऑफिसात अनोळखी नंबर आला तर "कोण बोलतंय" मी म्हणणार नाही, मला ते तुटकच वाटतं.

डेस्कवाली: आवाजाचं आणि साडेअकराचं उद्याच वर सांगते. एक राहिलं, फोन संपवताना कागदावर "कॉल केल्याबद्दल धन्यवाद, आपला दिवस शुभ असो" आहे. ज्यांना वाईट रिपोर्टसाठी बोलावलंय त्यांना हे म्हणताना जीभ रेटत नाही. मी "ठेवू का मग?" म्हणते, ते चालेल का?

निळीशाई: चालेल. पण आधी "अजून काही विचारायचं आहे का?" विचारा आणि उत्तराला थांबा, आई नेहमी फोन ठेवल्यावर म्हणते, अगं गोळ्यांचं विचारायचं राहिलंच.

सरळमार्ग: दवाखान्यातून "ठेवू का" नको बुवा. "ठीक आहे, या गुरुवारी" म्हणा आणि त्यांना आधी ठेवू द्या.