सोमवारचा तर्री पोहा आणि कॅन्टीनवाल्याचं भाषण

गिरणीचं कॅन्टीन (मूळ प्रश्न)
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीच्या ऑफिसचं कॅन्टीन चालवतो. रोज 120 पानं. येत्या सोमवारपासून आठवड्याचा नवा मेनू आहे: सोमवारी तर्री पोह्याऐवजी मटकीची उसळ, मंगळवारी झुणका-भाकर, बुधवारी वरण-भात-पालक, गुरुवारी आंबाडीची भाजी आणि भाकर, शुक्रवारी मुगाची खिचडी-कढी. समोसा, आलूबोंडा बंद. बातमी आधीच फुटली आहे आणि लोकं याला 'दवाखान्याचं जेवण' म्हणून राहिले. साहेबांनी सांगितलं, तूच दोन शब्द बोल. मी लिहिलेली सुरुवात अशी: 'बंधू-भगिनींनो, आरोग्य हीच खरी संपत्ती. आज मधुमेह आणि हृदयविकार घराघरात पोचले आहेत. तेव्हा कंपनीने आपल्या हितासाठी निर्णय घेतला आहे...' एवढ्यावरच आमचा भांडी घासणारा पोरगा हसला. काय बोलू, स्पष्ट सांगा.

मोर्शीचा भाऊ
भाऊ, थो पोरगा बरोबर हसला. 'आपल्या हितासाठी' आयकलं की माणूस समजते, काहीतरी काढून घेऊन राहिले. सोमवारी सकाळी तर्री नाही तं हप्ता सुरू झाल्यासारखा वाटत नाही बाप्पा. तुमचं काम जेवू घालायचं, लोकायले शायनं करायचं नाही. ज्याले उसळ पाह्यजे त्यानं उसळ घ्यावी, ज्याले समोसा पाह्यजे त्यानं समोसा. भाषण कायले पाह्यजे?

वसतिगृहवाल्या काकू
मोर्शीच्या भाऊंचं अर्धं पटतं. तर्री बंद करू नका. पण जशी आहे तशीही ठेवू नका.

मी हिंगणघाटकडे मुलींच्या वसतिगृहाचं मेस चालवते, म्हणून आधी हिशेब विचारते. 120 प्लेटांच्या तर्रीला तेल किती जातं? बहुतेक ठिकाणी तीन लिटरच्या आसपास जातं, म्हणजे माणशी 25 मिली. पोह्याच्या फोडणीचं तेल त्याहून वेगळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं बसून काम करणाऱ्याला अख्ख्या दिवसाला स्वयंपाकात घातलेलं तेल 25 ग्रॅमच्या आसपासच पुरे. तुमच्याकडे ते सकाळी दहालाच संपतं.

आता गंमत अशी की लोकांना तेल नको असतं, लाल रंग आणि झणका हवा असतो. मिरचीचा रंग तेलात उतरतो, म्हणून तवंग लाल दिसतो, आणि त्याला तेवढं तेल लागत नाही. दीड लिटर तेल तापवून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग तिखट टाका. उकळत्या तेलात टाकलं तर तिखट करपतं, रंग काळपट येतो, आणि मग आचारी रंगासाठी आणखी तेल ओततो. सगळी चूक तिथंच होते. रश्श्याला अंग यावं म्हणून भाजलेला कांदा, थोडं सुकं खोबरं आणि मूठ-दोन मूठ शिजलेले चणे वाटून घाला. तर्री वेगळ्या वाटीत द्या, पोह्यावर ओतून देऊ नका. वाटीत दिली की अर्धे लोक तळाला थोडी तरी सोडतात.

भाषणाचं नंतर बोलू. आधी ही तर्री शनिवारी करून चार तोंडाळ माणसांना खाऊ घाला.

अकोल्याचा ऑडिटर
काकूंची कृती चांगली आहे, मग सांगता कशाला? गुपचूप करा. दर आठवड्याला पाव लिटर तेल कमी करत जा, दीड महिन्यात दीड लिटरवर याल. कोणाच्या जिभेला पत्ताही लागणार नाही. भाषण दिलं की त्याच दिवसापासून सगळ्यांना पोहे फिके लागायला लागतील. माणूस आधी कानानं खातो. आणि ज्वारीची भाकर पाचही दिवस ठेवा, ज्वारीनं शुगर वाढत नाही.

वसतिगृहवाल्या काकू
हळूहळू कमी करणं चालतं, ते मीही केलं आहे. पण यांच्याकडे बातमी फुटली आहे, आता गुपचूप काय राहिलं? उद्या कोणी तेलाचे डबे मोजले तर म्हणतील, तेल मारून पैसे खाल्ले. कॅन्टीनवाल्यावर हा आळ यायला वेळ लागत नाही.

ज्वारीचं म्हणाल तर शुगर तीही वाढवते, पिठूळच धान्य आहे ते. तीन भाकरी खाऊन 'मी तर ज्वारी खाल्ली' म्हणणारे मी रोज बघते.

आणि पाच दिवस भाकर थापणार कोण? माणशी दोन म्हटल्या तर 240 भाकरी. दोन बायका, प्रत्येकीच्या हातून तासाला चाळीसेक. तीन तास झाले. दहाला टाकलेली भाकर एक वाजता वातड होते, आणि मग लोक झुणक्याला नाही, भाकरीला शिव्या देतात. भाकरीचा मेनू पडतो तो इथं. आठवड्यात दोनच दिवस ठेवा, पानाला एक भाकर आणि एक पोळी. पोळ्या आधी करून फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या तरी मऊ राहतात. भाकरी साडेअकराला सुरू करा आणि जेवणाच्या दोन पाळ्या करा. पीठ आठवड्याचंच दळून आणा. जुन्या पिठाची विरी जाते, थापताना कडा फाटतात, बाई वैतागते आणि जाड थापते.

युनियनचा माणूस
तुम्ही सगळे तेलात अडकले. मला सांगा, हा मेनू ठरवताना जेवणाऱ्यांपैकी कोणाला विचारलं? 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 46 होतं, 250 च्या वर कामगार असले की कॅन्टीन. आणि त्याखालच्या नियमांत कॅन्टीन कमिटी, जिला पदार्थ, मेनू आणि जेवणाच्या वेळा यांबद्दल विचारायचं. आमच्याकडे त्या कमिटीत रेट वाढवायलाही चर्चा व्हायची. 'कंपनीने निर्णय घेतला' हे वाक्य तुमच्या तोंडी आलं, तिथंच तुम्ही हरले. साहेबाचं ओझं तुम्ही कायले उचलता?

पुसदकर
माझी शुगर आहे, सकाळची गोळी घेतो. आमच्या ऑफिसात जेवण कधी एकला, कधी पावणेदोनला. उशीर झाला की हातपाय थरथरतात, घाम येतो. मेनूत समोसा असो की आंबाडी, मला घंटा कधी वाजते ते महत्त्वाचं. भाषणात वेळेबद्दल बोला.

मोर्शीचा भाऊ
पुसदकर भाऊ, इथं समोशाचं चालू आहे नं.

वसतिगृहवाल्या काकू
असू द्या, त्यांचा मुद्दा आडवा आला तरी कामाचा आहे. काही गोळ्या घेऊन जेवण लांबलं की साखर उतरते, थरथर त्याचीच असेल. (पुसदकर, खिशात साखर ठेवा, आणि डॉक्टरांना हे सांगा.) दोन पाळ्या केल्या तर गोळीवाल्यांना पहिली पाळी द्या, आणि ते जाहीर न करता.

म्हणूनच भाषणात आजाराची नावं नकोत. 120 जणांत शुगर असलेले असणारच. 'मधुमेह घराघरात' म्हटलं की शेजारचा त्यांच्याकडे बघतो.

पुसदकर
हे नाही पटलं. मी शुगर लपवत नाही. आजाराचं नाव घेतल्याशिवाय लोक ऐकत नाहीत. आमच्या बाजूच्या टेबलवरच्यानं पायाची जखम चिघळल्यावरच साखर सोडली.

वसतिगृहवाल्या काकू
तुम्ही स्वतः उठून बोललात तर मी टाळी वाजवीन. कॅन्टीनवाल्यानं माइकवरून बोलू नये, एवढंच माझं म्हणणं.

अकोल्याचा ऑडिटर
बरं, समोसा. तो तरी बंद ठेवा, तेलाचा राक्षस आहे.

वसतिगृहवाल्या काकू
बंद केला तर गेटसमोरच्या टपरीवाल्याचं भाग्य उघडेल. तिथलं तेल तुम्ही बघणार आहात का?

गुरुवारी एकदाच ठेवा. पण एक खोच आहे. तळणाचे दिवस कमी केले की तेल आपोआप चांगलं होत नाही, उलट बिघडू शकतं. मोठ्या कढईतलं उरलेलं तेल आठवडाभर पडून राहतं आणि पुढच्या गुरुवारी त्यावरच नवं ओतलं जातं. कढई लहान घ्या, तेल त्या दिवशी पुरेल तेवढंच. उरलेलं गाळून एक-दोन दिवसांत फोडणीत संपवा, पुन्हा तळायला नको. वापरून खराब झालेल्या तेलाला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा आहे, तापून तापून तेलात साचणारे पोलर घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की तेल टाकून द्यायचं. मोजायचं यंत्र तुमच्याकडे नसेल. पण समोसा सोडल्यावर फेस येऊन तो बसतच नसेल, मंद आचेवर धूर निघत असेल, कढईच्या कडेला चिकट थर धरत असेल, तर यंत्राची वाट बघू नका.

गिरणीचं कॅन्टीन
सगळ्यांचं वाचलं. शनिवारी वाटीतली तर्री स्टोअरच्या चौघांना दिली. तिघं खाऊन गप्प, एक म्हणे, 'आज तर्री जरा भारी वाटली.' तेलाचं सांगितलं नाही, ते सोमवारी सगळ्यांसमोरच सांगीन. कमिटी आमच्याकडे कागदावर आहे, त्यातल्या दोघांना पुढं बसवतो. नवं भाषण असं:

'मंडळी, आधी जे राहणार ते सांगतो. सोमवारचे तर्री पोहे राहणार. तर्री वाटीत मिळेल, वरून घालायची असेल तर स्वतः घाला. त्यातलं तेल मी निम्मं केलंय, आज चाखून सांगा. गुरुवारी समोसा राहणार, त्या दिवशीच्या ताज्या तेलात. मंगळवारी झुणका-भाकर, गुरुवारी आंबाडी-भाकर, पानाला एक भाकर, एक पोळी. जेवण दोन पाळ्यांत, साडेबारा आणि एक. ज्याला वेळेवर जेवावं लागतं त्यानं मला बाजूला सांगावं, कारण विचारणार नाही. पानाचा भाव तोच आहे. महिन्यानं कमिटीसोबत बसू, तेव्हा ज्या वाराचं जेवण जास्त उरलं तो वार बदलू. उरलेलं मी रोज तोलून फळ्यावर लिहीन. चला, पोहे गरम आहेत.'

युनियनचा माणूस
'भाव तोच' हे मालकाकडून लिहून घेतलं का? ज्वारीचा भाव बघा. महिन्यानं तुम्ही कमिटीत भाव वाढवायला बसाल आणि लोक म्हणतील, भाकरीच्या नावाखाली केलं.

गिरणीचं कॅन्टीन
लिहून नाही घेतलं. तर्रीचं तेल निम्म्यावर आलं, समोसा एकच दिवस, त्यातून ज्वारी निघेल असा माझा अंदाज. साहेबांना आज संध्याकाळी विचारतो.

मोर्शीचा भाऊ
भाषण आता जमलं. पण शुक्रवारी मुगाची खिचडी? भाऊ, खिचडी आमच्याकडं आजाऱ्याले देतात. 'दवाखान्याचं जेवण' हे नाव तुमी सोताच छापून देऊन राहिले. त्या दिवशी गोळाभात ठेवा.

वसतिगृहवाल्या काकू
गोळाभातावर गरम तेलाची धार लागते हो भाऊ, त्याशिवाय कोण खातं?

मोर्शीचा भाऊ
वाटीत द्या नं मग.