'हवा-हाड अंतर दिसलं की कंडक्टिव्ह' : एवढ्यावर थांबावं का?

मूळ पोस्ट (इंटर्न, यवतमाळ): "ऑडिओग्रामच्या प्रश्नात एकच बघा. हाडाची रेघ वर नॉर्मलला, हवेची खाली, मधात अंतर म्हणजे कंडक्टिव्ह, अडचण बाहेरच्या नाहीतर मधल्या कानात. दोन्ही रेघा सोबतच खाली म्हणजे सेन्सोरीन्युरल, अडचण आतल्या कानात नाहीतर नसेत. बाकी पाठांतर कायले करता?"

ऑडिओलॉजिस्ट ताई, वर्धा: नऊ वर्षांची मुलगी, गालगुंड होऊन गेलेले, फोन नेहमी डाव्याच कानाला लावते. पडदा स्वच्छ, टिम्पॅनोग्राम ए टाइप, म्हणजे मध्यकान नॉर्मल. उजव्या कानाची हवा सगळीकडे ६०च्या आसपास, हाड ५. डावा कान हवेने १०, हाडाने ५. तुमच्या नियमाने उजवीकडे ५५ डेसिबलचं अंतर, म्हणजे कंडक्टिव्ह. प्रत्यक्षात तो कान पूर्ण मेलेला आहे.

हाडाचा व्हायब्रेटर उजव्या कानामागे ठेवला तरी सगळी कवटी हलते. डाव्या कॉक्लियाला तो सूर जवळपास तेवढाच पोचतो आणि मुलगी बोट वर करते. हवेचा सूर हेडफोनमधून पलीकडे जाताना ४० ते ६० डेसिबल गमावतो, म्हणून ६०ला उत्तर येतं, पण तेही डावाच कान देतो. चिन्हं बघा: उजव्या हाडाला `<` आहे. डाव्या कानात नॉइज देऊन त्याला गुंतवलं, म्हणजे मास्किंग केलं असतं, तर `[` दिसलं असतं.

इंटर्न, यवतमाळ: ताई, परीक्षेत रिपोर्ट मास्किंग केलेलाच धरतात. असल्या अपवादानं पोरं घाबरतात.

ताई, वर्धा: प्रश्नात फक्त आलेख असेल तर धरा. पण "वेबर डावीकडे", म्हणजे कपाळावर ठेवलेल्या ट्यूनिंग फोर्कचा आवाज डावीकडे ऐकू येतो, असं लिहिलं असेल तर? खरा कंडक्टिव्ह उजवीकडे असता तर ५१२चा वेबर उजवीकडेच गेला असता. इथे रिने उजवीकडे निगेटिव्ह येईल, म्हणजे फोर्क हवेपेक्षा हाडाने जास्त ऐकू येईल, पण तो खोटा. ही ओळ वाचायची सोडून रेघा मोजल्या की उत्तर चुकलंच.

ईएनटी रेसिडेंट: त्याहून सोपं, मोठ्या आवाजाला मध्यकानातला स्नायू आवळतो तो रिफ्लेक्स बघा. प्रोब उजव्या कानात, आवाज डाव्यात. उजवा मध्यकान अडलेला असेल तर रिफ्लेक्स दिसत नाही. इथे दिसेल. मास्किंगचं गणित लागतच नाही.

ताई, वर्धा: मध्यकान चांगला आहे एवढं कळलं. उजवीकडे ऐकू किती येतं ते मास्किंगशिवाय कळत नाही. डाव्या कानात नॅरो बँड नॉइज २०पासून सुरू करा, १०-१०नं वाढवा. उजव्याचं खरं हाड असेल तर दोन-तीन पायऱ्या उत्तर जागेवर राहतं. इथे नॉइज १०नं वाढला की सूरही १०नं वाढवावा लागतो, शेवटी मशीनच्या कमाल आवाजालाही उत्तर येत नाही.

आर्वीवाला: माझे बाबा जिनिंगमध्ये आहेत. रिपोर्टात दोन्ही कानांत ४०००ला खड्डा आहे. हेपण पलीकडच्या कानानं ऐकल्यामुळे का?

ताई, वर्धा: नाही भाऊ. दोन्ही कानांत सारखंच आणि हाडही सोबत खाली असेल तर तो मशीनच्या आवाजाचा मार आहे. फक्त पाळी संपल्यावर लगेच तपासलं असेल तर आकडा वाढलेला येतो. रात्रभर आवाजापासून दूर ठेवून पुन्हा करा.

टेक्निशियन, गोंदिया: मास्किंग मास्किंग करता, पण खोलीत कूलर चालू राहते त्याचं काय? २५० आणि ५००ला सगळ्यांचाच कान खराब निघते!

रेसिडेंट: मग अंतर वाढेल, खोटा कंडक्टिव्ह दिसेल.

टेक्निशियन, गोंदिया: उलट! हवेच्या तपासणीत हेडफोननं कान झाकलेले राहतात, हाडाच्या वेळी उघडे. कूलरचा घूं-घूं आवाज हाडाचाच आकडा जास्त बिघडवते. लेकराच्या कानात पाणी असून २० डेसिबलचं अंतर असेल तर ते पुसूनच जाते, अन् रिपोर्ट सेन्सोरीन्युरल!

रेसिडेंट: बरं, हे मान्य. मग कूलर बंद करा ना!

टेक्निशियन, गोंदिया: मे महिन्यात इथे येऊन बसून दाखवा, मग सांगा बंद करा म्हणून! बाहेर पेशंटची रांग, वर सर्टिफिकेटची घाई.

ताई, वर्धा: दादा, रागावू नका. निदान हाडाचे २५० आणि ५०० हे दोन सूर कूलर बंद करून घ्या. नाही जमलं तर रिपोर्टवर "खोलीत आवाज होता" असं लिहा. न लिहिता सर्टिफिकेट देणं मला पटत नाही.

इंटर्न, यवतमाळ: ठीक आहे, "मास्किंग झालं असेल तर" हे शब्द पोस्टमध्ये टाकतो. पण दोन्ही कानांत ६०चा कंडक्टिव्ह असला तर? नॉइज पलीकडे ऐकू येईपर्यंत वाढवला की तोच तपासायच्या कानात येते.

ताई, वर्धा: तिथे मास्किंग अडतंच. कानाच्या आत बसणारे इन्सर्ट फोन वापरले तर नॉइज कमी गळतो, थोडी जागा मिळते. तेवढ्यानं प्रत्येक वेळी भागत नाही.

टेक्निशियन, गोंदिया: इन्सर्ट फोन आमच्याकडे आलेच नाहीत. कूलरवाल्या खोलीत यावर काय करायचं, ते सांगा आधी.