सोसायटी ग्रुप : २०० रुपयांचा फरक

शिल्पा (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. ऑडिटरचा परत फोन आला होता. ३१ मार्चचा ट्रायल बॅलन्स अजून जुळत नाहीये. डेबिट १४,३८,६५० आणि क्रेडिट १४,३८,८५०. पाटणकर काका, काय झालं ते प्लीज सांगाल का, सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे.

पाटणकर काका (खजिनदार): काय सांगू. दोनदा बेरजा मारल्या. २०० चा फरक आहे, दोन लाखांचा नाही. मी हे काम फुकट करतो हे लोकांनी लक्षात ठेवावं.

कदम बी-३०४: माझं नोव्हेंबरचं मेंटेनन्स २५०० भरलेलं आहे, एनईएफटी केली होती, तरी थकबाकीच्या यादीत माझं नाव आहे. याचं काय ते आधी सांगा.

शिल्पा (सेक्रेटरी): कदम साहेब, तो वेगळा विषय आहे, आत्ता ट्रायलचं बघू.

विनायक सी-४०१: अहो २०० रुपयेच ना, मी देतो, मिटवा 😄 गणपतीची वर्गणी समजा

नाना ए-१०१: विनायक, चेष्टा नाही ही. बँकेत आमच्या वेळी दहा पैशांसाठी सगळा स्टाफ बसून राहायचा. आणि २०० चा फरक म्हणजे चूक २०० चीच असं कोणी सांगितलं? दोन मोठ्या चुका एकमेकींना खाऊन वर २०० उरले असतील.

पाटणकर काका (खजिनदार): नाना, मला नियम माहीत आहेत. आधी २०० ची एंट्री शोधली, राहून गेली का म्हणून. दसऱ्याच्या हाराचे २०० निघाले, पण दोन्हीकडे बरोबर आहेत. मग फरकाची निम्मी रक्कम म्हणजे १०० शोधली, कारण एखादी रक्कम उलट्या बाजूला पडली तर फरक दुप्पट दिसतो. तेही नाही. ९ ने भागून पाहिलं, भाग जात नाही. आता हा फरक तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकतो आणि मोकळा होतो.

सुलभाताई ए-३०२: सस्पेन्सला टाकलं की ऑडिटर रिपोर्टमध्ये शेरा मारणार, मग सभेत उत्तरं कोण देणार? मागच्या वर्षी पार्किंगवरून काय झालं ते सगळ्यांना आठवतंय.

विनायक सी-४०१: पार्किंगचं नका काढू ताई 🙏

सुलभाताई ए-३०२: का नको? ज्याची गाडी रॅम्पवर असते त्याला नकोच वाटणार.

कदम बी-३०४: माझं नोव्हेंबरचं मेंटेनन्स २५०० भरलेलं आहे, थकबाकीत नाव आहे. तिसऱ्यांदा लिहितोय.

मंदार सी-२०२: काका, एक सांगू का, राग मानू नका. कदम काका एवढं म्हणतायत तर तेच पहिलं बघू ना. बँक बुकात त्यांचे २५०० आलेत का?

पाटणकर काका (खजिनदार): आलेत. १९ नोव्हेंबर, बी-३०४. आता खुश?

मंदार सी-२०२: त्या ओळीसमोर लेजरच्या पान नंबरचा रकाना आहे, त्यात काय लिहिलंय?

पाटणकर काका (खजिनदार): ...कोरा आहे. पानाची शेवटची ओळ आहे ती, पुढच्या पानावर बेरीज नेली आणि ही खतवायची राहिली असणार.

कदम बी-३०४: 👏👏 सात महिने बोंबलतोय

विनायक सी-४०१: दुसऱ्या कोणाच्या खात्यात गेले असतील की काका, बी-३०४ च्या ऐवजी ए-३०४ वगैरे

मंदार सी-२०२: तसं झालं असतं तर ट्रायल जुळला असता विनायकदादा. क्रेडिट कोणाला तरी मिळालंच असतं, फक्त चुकीच्या माणसाला. बेरजेला माणसं कळत नाहीत. इथे बँकेत डेबिट पडलं आणि समोर कोणालाच क्रेडिट नाही, म्हणजे एकतर्फी. त्यामुळे सभासदांकडून येणं २५०० नी जास्त दिसतंय आणि येणं डेबिट बाजूला आहे.

पाटणकर काका (खजिनदार): थांब. म्हणजे ती चूक काढली तर डेबिट अजून कमी होणार, १४,३६,१५०. फरक २०० चा होता तो २७०० झाला! हे तर वाढलं!!

विनायक सी-४०१: 😂😂😂 मी २७०० देणार नाही हां, आधीच सांगतो

नाना ए-१०१: वाढला नाही, खरा फरक आत्ता दिसायला लागला. २७०० ला ९ ने भागा.

पाटणकर काका (खजिनदार): ३००. पूर्ण भाग जातो.

नाना ए-१०१: मग शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडलेत का बघा. २७०० येतात म्हणजे हजाराचा आणि शेकड्याचा आकडा बदललाय, आणि त्या दोघांत ३ चं अंतर आहे. ४७ चे ७४, ५८ चे ८५, असं. किंवा मग शून्य गेलंय, ३००० चे ३००. त्यानेही २७०० च येतात. डेबिट कमी पडतंय म्हणून खर्चाची खाती आधी घ्या, तिथे लहान रकमा बघा.

पाटणकर काका (खजिनदार): ३०० ची झाडूवाल्याची एंट्री आहे. बिल पण ३०० चंच आहे. ते नाही.

सुलभाताई ए-३०२: झाडूवाला ३०० घेतो तरी जिना कधी झाडलेला दिसत नाही. असो.

मंदार सी-२०२: काका, लिफ्टचे हप्ते सारखे असतात, त्यात चुकलं तर लगेच डोळ्यात भरतं. दर महिन्याला बदलणारं खातं बघा. कॉमन लाइटबिल?

पाटणकर काका (खजिनदार): सापडलं. फेब्रुवारी. बँक बुकात ८,५२० आहेत, बिलही ८,५२० चं. लेजरला ५,८२० गेलेत. बाकीची बिलं पाच ते नऊ हजारांत असल्यामुळे खटकलं नाही. १४,३६,१५० अधिक २,७०० म्हणजे १४,३८,८५०. जुळला!!!

विनायक सी-४०१: 🎉🎉 पेढे काकांकडून

शिल्पा (सेक्रेटरी): थँक्यू काका, नाना, मंदार. ऑडिटरना कळवते.

कदम बी-३०४: थँक्यू मला पण म्हणायला हरकत नव्हती.

नाना ए-१०१: शिल्पा, जरा थांब. ट्रायल जुळला म्हणजे हिशोब बरोबर असं नाही. जे कुठेच लिहिलेलं नाही ते ट्रायलला कधीच कळत नाही. काका, ३१ मार्चला बँक बुक आणि पासबुक मिळतंय का?

पाटणकर काका (खजिनदार): बुकात ४,२०० जास्त आहेत. चेक वटायचा राहिला असेल, नेहमीचं आहे.

नाना ए-१०१: चेक वटायचा राहिला तर पासबुकात जास्त दिसतं, बुकात नाही. इथे उलट आहे. एकतर कोणाचा भरलेला चेक बँकेत जमा व्हायचाय, नाहीतर बँकेतून पैसे गेलेत आणि आपण लिहिलेच नाहीत. मार्चचं भरणा पुस्तक बघा.

पाटणकर काका (खजिनदार): भरलेले सगळे जमा आहेत. ... पासबुकात जानेवारीत ४,२०० चा चेक गेलाय, टँकरवाल्याला. बुकात नाही. चेकबुकाची स्थळप्रत पण कोरी 🤦

मंदार सी-२०२: ही लिहिली तरी ट्रायलची बेरीज हलणार नाही काका. टँकर खर्च ४,२०० नी वाढेल, बँक तेवढीच कमी होईल, दोन्ही डेबिटलाच. पण वर्षाची शिल्लक ४,२०० नी कमी होईल, म्हणून ऑडिटरना पाठवायच्या आधी लिहा.

सुलभाताई ए-३०२: जानेवारीत टँकर? आमच्याकडे तर पाणी होतं. बी विंगसाठी आला असेल.

कदम बी-३०४: पुरावा? बी विंगचं नाव प्रत्येक वेळी का येतं?

सुलभाताई ए-३०२: मी वॉचमनच्या रजिस्टरवरून बोलतेय.

विनायक सी-४०१: रजिस्टर कोण लिहितं, वॉचमन दुपारी झोपलेला असतो 😴

शिल्पा (सेक्रेटरी): टँकरचं व्हाउचर ज्यांच्याकडे असेल त्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत ऑफिसात आणून द्या, कोणत्या विंगचा होता ते बिलावर लिहिलेलं असेल. तोपर्यंत ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतील अशी सेटिंग करतेय.