मेंटेनन्सचं रिमाइंडर स्क्रिप्टने थेट पाठवावं की खजिनदाराने आधी बघावं?

सेक्रेटरी_96फ्लॅट: दर महिन्याच्या 1 तारखेला स्क्रिप्ट मेंबर लेजरची एक्सेल वाचते आणि बाकी दिसली की मेसेज जातो. खजिनदार म्हणतात, आधी यादी मी बघणार. माझं म्हणणं, माणूस मधे आला की "यांना नको, ते आपले आहेत" परत सुरू. तुमचं मत काय?

जुना_खजिनदार: खजिनदारांचं ऐका. आमच्याकडे काय झालं ते सांगतो. एप्रिल ते जूनचं बिल 9,000, मुदत 30 एप्रिल. एका काकांनी 28 एप्रिललाच एनईएफटी केलं पण त्यात फ्लॅट नंबर टाकला नाही आणि पैसे मुलाच्या खात्यातून आले, म्हणून अकाउंटंटने ते सस्पेन्सला, म्हणजे कोणाचे ते न कळलेल्या पैशांच्या खात्यात, टाकून ठेवले. 1 मेला काकांना "9,000 बाकी", 1 जूनला "9,157.50 बाकी", कारण सभेने 21 टक्के सरळ व्याज ठरवलेलं (आदर्श उपविधीतली कमाल मर्यादा तेवढीच होती) आणि 9,000 वर महिन्याचे 157.50 होतात. काका पासबुक घेऊन ऑफिसात आले, 28 एप्रिलच्या ओळीवर बोट ठेवून उभे राहिले, हात थरथरत होता. तेव्हा कुठे 3 जूनला रिसीट टाकली, तीही 3 जूनच्याच तारखेने! मग 9,000 फिटले पण ते 157.50 तसेच राहिले, आणि 1 जुलैला स्क्रिप्टने काकांकडे 157.50 मागितले. रिसीट 28 एप्रिलची करून व्याज उलटवलं तेव्हा खातं शून्य झालं.

नियम_म्हणजे_नियम: पण यात स्क्रिप्टची चूक कुठे आहे, चूक लेजरची आहे. खजिनदाराने यादी बघितली असती तरी त्यांना 9,000 बाकीच दिसली असती ना? उलट मेसेज गेला म्हणून काका आले आणि चूक सापडली, नाहीतर वर्षभर सस्पेन्सला पडून राहिले असते.

जुना_खजिनदार: यादी नुसती बघून नाही दिसणार हे बरोबर. यादीशेजारी सस्पेन्सचं खातं उघडून बसायचं. तिथे 9,000 जमा पडलेत आणि इथे नेमके 9,000 येणं आहेत, की थांबायचं, बँकेतलं पैसे पाठवणाऱ्याचं नाव बघायचं आणि एक फोन करायचा. 96 फ्लॅटला फार तर अर्धा तास.

बी_विंग: मग सोपं आहे, सस्पेन्स शून्य झाल्याशिवाय रिमाइंडर पाठवूच नका.

नियम_म्हणजे_नियम: आणि एखादी रक्कम कोणाची ते सापडलीच नाही तर? आमच्याकडे 2,000 ची एक नोंद दोन वर्षं तशीच आहे. म्हणजे दोन वर्षं कोणालाच मेसेज नाही?

भाड्याने_राहते: माझा प्रॉब्लेम वेगळाय. मेंटेनन्स घरमालक भरतात पण मेसेज मलाच येतो कारण आत येताना गेटवर दिलेला नंबर कोणीतरी लेजरमधे टाकलाय. त्यांची किती थकबाकी आहे ते मला कळायचं काहीच कारण नाही ना. याचं काय करायचं?

जुना_खजिनदार: ताई, मेंबरचा नंबर आणि राहणाऱ्याचा नंबर असे दोन रकाने वेगळे करायला लावा, आणि थकबाकी फक्त मेंबरला. सेक्रेटरींना लेखी द्या.

कोड_लिहितो: सेक्रेटरी, ती एक्सेल आधी नीट बघा. बऱ्याच अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून येणाऱ्या फाइलमधे उणे चिन्ह नसतं, आकड्याशेवटी `Dr` म्हणजे येणं किंवा `Cr` म्हणजे जमा असं असतं. मी आधी अक्षरं काढून नुसता आकडा घेत होतो, त्यामुळे वर्षाचे पैसे अॅडव्हान्स भरून ठेवलेल्या बाईंना "27,000 बाकी" असा मेसेज गेला. आता असं आहे:

```python
text = text.replace(",", "").strip()
due = float(text[:-2]) if text.endswith("Dr") else 0
```

मेसेजमधे "अमुक तारखेपर्यंत बँकेशी जुळवलेल्या नोंदींनुसार" हेही टाकतो, आणि मुद्दल वेगळी व्याज वेगळं. नुसता एक आकडा गेला की लोक भांडतात, दोन दिसले की निदान कशावर भांडायचं ते कळतं. आणि 1 ऐवजी 8 तारखेला चालवा, तोवर मागच्या महिन्याचं स्टेटमेंट लेजरशी जुळवून होतं.

सेक्रेटरी_96फ्लॅट: 8 तारीख पटली, आणि `Dr` `Cr` आज रात्रीच बघतो. पण खजिनदाराला नाव वगळायचा हक्क द्यायला मी अजून तयार नाही. ज्यांना थांबवायचं त्यांच्यापुढे कारण लिहायचं आणि ती यादी कमिटीच्या मीटिंगमधे ठेवायची, एवढं चालेल का?

जुना_खजिनदार: कारण लिहायला माझी हरकत नाही. पण सस्पेन्समधल्या कुठल्या नोंदीमुळे थांबवलं तिची तारीख आणि रक्कम लिहा, नुसतं "चौकशी चालू" नको.

नियम_म्हणजे_नियम: आणि पुढच्या महिन्यात तेच नाव परत थांबवलं तर?