मदत हवी आहे: मुलाच्या टॉन्सिलवर पांढरे ठिपके, आज चौथा दिवस

माडाची_सावली
मुलगा नऊ वर्षांचा, वजन २५ किलो. सोमवारपासून घसा धरलाय. ताप १०१-१०२, औषध दिलं की उतरतो, पुन्हा चढतो. काल टॉर्च लावून बघितलं तर दोन्ही टॉन्सिल लालभडक, वर दह्याच्या कवडीसारखे पिवळट पांढरे ठिपके. जबड्याखाली गाठी आल्यात, हात लावला की कळवळतो. खोकला नाही, सर्दी नाही. पेज आणि पाणी घोट घोट जातंय.
आम्ही गुहागरच्या अलीकडच्या गावात राहतो. पाऊस थांबत नाहीये, चिपळूणला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. सासूबाई म्हणतात, वाडीतल्या आजी बोटाला हळद-मीठ लावून टॉन्सिल दाबतात, त्यांच्याकडे ने. माझा धीर होत नाही. गुळण्यांवर अजून दोन दिवस काढू का?

वेळणेश्वरकर
मलाही पांढरे ठिपके व्हायचे. कान-नाक-घसावाल्यांनी सांगितलं, टॉन्सिलच्या खाचेत अन्नाचे कण साचून खडे होतात. गुळण्या केल्या की सुटून येतात. घाबरू नका.

माडाची_सावली
दादा, तुम्हाला ताप होता का?

वेळणेश्वरकर
नाही, ताप नव्हता. दुखतही नव्हतं, फक्त तोंडाला वास यायचा.

बंदरावरचा_बाळू
मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन आणा, तीन दिवसांचा कोर्स असतो. आमच्याकडे सगळ्यांना तेच देतात. दुसऱ्या दिवशी पोरगं खेळायला लागतं.

निवृत्त_वैद्यकीय_अधिकारी
ताई, आजींकडे नेऊ नका. सुजलेल्या टॉन्सिलवर बोट दाबलं तर रक्त येईल, दुखणं वाढेल आणि आतला जंतू तिथंच राहील. ठिपके कापसाने पुसायलाही जाऊ नका.
बाळू म्हणतात त्यात निम्मं खरं आहे. हे अँटिबायोटिकचं दुखणं असू शकतं. पण ते कुठलं आणि किती दिवस, हे तपासल्याशिवाय ठरवू नये. ताप, ठिपके, दुखऱ्या गाठी आणि खोकला नाही, हे चारही शाळकरी वयाच्या मुलात एकत्र दिसले की मला स्ट्रेप्टोकॉकसचा संशय येतो. खात्री घशाच्या स्वॅबनेच होते. घसा बहुतेकदा आपोआपही बरा होतो, पण काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तर हे टळतं. म्हणून आज मध्यरात्री धावायची गरज नाही, पण उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवाच. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर बहुधा अमॉक्सिसिलिन मिळेल, पूर्ण दहा दिवस. ताप तिसऱ्या दिवशी गेला तरी बाटली फडताळात ठेवून द्यायची नाही.

माडाची_सावली
तोवर घरी काय करू? पॅरासिटामॉल पाच मिली देतेय.

निवृत्त_वैद्यकीय_अधिकारी
बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. पाच मिलीत २५० मिग्रॅ असेल तर त्याच्या वजनाला साडेसात मिली बसतं, दोन डोसांत सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. पाच मिलीत १२० असेल तर हा हिशोब चालणार नाही. ॲस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. पेज, मऊ भात, गार ताक, जे गिळवेल ते. कोकमाचं आगळ आणि तिखट सध्या नको, झोंबतं.
आज रात्री एवढं बघा: लाळ गिळता न येता तोंडातून गळतेय, तोंड उघडत नाही, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येतोय, एकच बाजू फुगलीय, श्वासाला घरघर आहे, मान आखडलीय किंवा आठ-दहा तासांत लघवी नाही. यातलं काहीही दिसलं तर गाडी काढा, सकाळची वाट बघू नका. आणि ठिपक्यांऐवजी राखाडी, चिकटून बसलेला पडदा दिसला, मान फुगली, तर घटसर्प असू शकतो. त्याचं पाच वर्षांचं बूस्टर झालंय का?

माडाची_सावली
कार्डावर पाचव्या वर्षाचा शिक्का आहे. पडदा नाही, ठिपकेच आहेत. लाळही गिळतोय.

माडाची_सावली
(दुसऱ्या दिवशी) दाखवून आणलं. स्वॅबची सोय तिथं नव्हती, पण घसा आणि गाठी बघून डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन दहा दिवस दिलं. पहिले २४ तास शाळा नको, पेला-ताट वेगळं ठेवा म्हणाले. आता कॉलेजला जाणाऱ्या पुतणीचाही घसा दुखतोय. तिला खोकला आहे, ताप नाही. उरलेलं औषध तिला देऊ का?

बंदरावरचा_बाळू
एकाच घरातलं आहे, तेच असणार. द्या.

निवृत्त_वैद्यकीय_अधिकारी
नको. मुलाचं औषध उरणारच नाही, दहा दिवसांचं आहे. खोकला असला तर बहुतेकदा व्हायरल असतं. शिवाय या वयात ग्रंथीज्वरही दिसतो, त्यात अमॉक्सिसिलिन दिलं की अंगभर पुरळ उठतं. गुळण्या करू दे. तापली, गाठी आल्या किंवा आठवडाभरात उतार पडला नाही तर तिलाही दाखवा. मुलाचे सांधे दुखले किंवा लघवी चहासारखी लाल झाली तर पुढच्या महिन्यातही कळवा.

वेळणेश्वरकर
डॉक्टर, मोठ्या माणसालाही दहा दिवसच का? आमच्याकडे पाच दिवसच दिलं होतं.